एच-४ चा जमैका प्रवास: पाच सेकंद आणि पावणेचार मिनिटं

डिसेंबर १७६१. ब्रिटिश आरमाराचं ‘डेप्टफर्ड’ हे जहाज जमैकाला निघालंय. वाटेत अटलांटिकमधल्या मदेइरा बेटांवर थांबायचंय आणि ते टाळता येण्यासारखं नाही, कारण जहाजावरची बिअर नासलीय आणि खलाशी नुसत्या पाण्यावर आलेत. पिंपात साठवलेलं पाणी पिऊन दिवस काढायला कोणी खूष नव्हतं. प्रश्न एवढाच की मदेइरा नेमकं कुठल्या दिशेला आहे.

कप्तान डिग्ज यांच्या हिशेबाने जहाज इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदराच्या पश्चिमेला १३ अंश ५० कलांवर होतं. एका अंशाच्या साठ कला होतात. जहाजावर एका पेटीत एक घड्याळ होतं, तेच हे एच-४. त्याच्या हिशेबाने जहाज १५ अंश १९ कलांवर होतं. म्हणजे दीड अंशाचा फरक, त्या अक्षांशावर साधारण १३५ किलोमीटर. कप्तानाचं खरं मानलं तर बेट अजून बरंच पश्चिमेला होतं, घड्याळाचं खरं मानलं तर जवळपास नाकासमोर. घड्याळ चुकतंय यावर कप्तानाने एकास पाच अशी पैज लावली. घड्याळासोबत आलेला, ते बनवणाऱ्या जॉन हॅरिसनचा मुलगा विल्यम मात्र अडून बसला: याच दिशेने चला, उद्या जमीन दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मदेइरातलंच पोर्तो सांतो बेट दिसलं.

गोष्ट म्हणून ही छान आहे आणि बहुतेक ठिकाणी ती इथेच संपते. पण घड्याळ खरं ठरलं की नाही, हा वाद या सकाळनंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला. तो समजून घ्यायचा तर आधी विल्यम काय मोजत होता ते पाहू.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. तुम्ही जिथे आहात तिथली सूर्यावरची वेळ आणि त्याच क्षणी पोर्ट्समथला किती वाजलेत, या दोन गोष्टी कळल्या की वजाबाकी करायची आणि रेखांश मिळाला. स्थानिक वेळ काढणं खलाशांना जमत होतं. सकाळी किंवा दुपारनंतर सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते अष्टांशयंत्राने मोजायचं, अक्षांश माहीत असतोच, सूर्याचं स्थान कोष्टकातून घ्यायचं आणि त्यावरून वेळ काढायची. सूर्य वर्षभर घड्याळाइतका नियमित चालत नाही. त्याची दुरुस्तीही कोष्टकात असते, ती मिळवायची. हे सगळं कागदावरचं काम आहे.

अडचण दुसऱ्या आकड्याची. पोर्ट्समथला आत्ता किती वाजले, हे समुद्रात कोणाला विचारणार? ते सांगायला पोर्ट्समथची वेळ सोबत घेऊन जावी लागते. डेप्टफर्डवर घड्याळाने सांगितलेले १५ अंश १९ कला म्हणजे दोन वेळांमधला फरक १ तास १ मिनिट १६ सेकंद. कप्तानाचे १३ अंश ५० कला म्हणजे ५५ मिनिटं २० सेकंद. तेव्हा वाद खरं तर असा होता: पोर्ट्समथ सोडल्यापासून हे घड्याळ जवळजवळ सहा मिनिटं पुढे गेलंय की नाही?

कप्तानाचा आकडा आला होता तो गाठींच्या दोरीतून. ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला लाकडाची फळी बांधून ती मागे पाण्यात टाकायची, वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं, तो वेग धरायचा आणि होकायंत्राची दिशा जोडून नकाशावर रेघ ओढायची. (जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये सांगतात तो याच गाठींमुळे.) पण खालचं पाणीच वाहत असेल तर दोरीला ते कळत नाही. जहाज आणि फळी दोन्ही एकाच प्रवाहात सरकत असतात. दिवसागणिक चूक साचत जाते आणि जमीन दिसेपर्यंत ती चूक आहे हेच ठाऊक नसतं.

१७०७ मध्ये ॲडमिरल शॉव्हेल यांच्या ताफ्यातली चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. त्या अपघाताला फक्त रेखांश जबाबदार धरतात, ते तितकंसं बरोबर नाही, अक्षांशाच्या नोंदीही चुकल्या होत्या. पण पार्लमेंटवर दडपण आलं आणि १७१४ मध्ये बक्षिसाचा कायदा झाला. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात रेखांश एका अंशाच्या आत आला तर १०,००० पौंड, ४० कलांच्या आत १५,०००, आणि अर्ध्या अंशाच्या आत २०,०००. अर्धा अंश म्हणजे वेळेत दोन मिनिटं. प्रवास सहा आठवड्यांचा धरला तर रोजची चूक तीन सेकंदांहून कमी हवी. त्या काळचं खिशातलं चांगलं घड्याळ दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे व्हायचं.

न्यूटन यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की जहाजाचं हलणं, ऊन-थंडी, दमट-कोरडी हवा आणि जागोजागचं वेगळं गुरुत्व या सगळ्यात टिकेल असं घड्याळ अजून झालेलं नाही. यादी अचूक होती. लंबकाचं घड्याळ जहाजावर निरुपयोगी, कारण जहाज डोललं की लंबक स्वतःचा ताल सोडून जहाजाचा धरतो. स्प्रिंगचं घड्याळ उन्हात मागे पडतं, कारण तापलेली स्प्रिंग नरम होते आणि मागेपुढे झुलत ठोके देणाऱ्या तोलचक्राला परत आणायला तिला वेळ लागतो. तेल थंडीत घट्ट होतं आणि उन्हात पातळ होऊन पसरतं. आणि चावी देताना, काही सेकंद का होईना, घड्याळाला मिळणारा जोर थांबतो.

जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार, लिंकनशरमधल्या एका खेड्यात लाकडी घड्याळं बनवणारा. त्याने समुद्रासाठी आधी तीन मोठी यंत्रं केली. पहिलं साधारण ३४ किलोचं होतं. १७३६ मध्ये ते लिस्बनपर्यंत जाऊन आलं आणि परतताना इंग्लंडचा कुठला किनारा समोर आलाय हे जहाजावरच्या लोकांपेक्षा त्याने बरोबर सांगितलं. तिसऱ्यावर त्याने एकोणीस वर्षं घालवली. त्याच्या सातशेहून जास्त भागांपैकी दोन कल्पना आजही वापरात आहेत: पितळ आणि पोलाद एकत्र जोडलेली पट्टी, जी तापमानाने वाकते, आणि पिंजऱ्यात बसवलेलं बेअरिंग. यंत्राने मात्र हवी तशी वेळ दिली नाही. माझ्या मते हॅरिसनचं खरं धाडस हे की वयाची साठी जवळ आल्यावर त्याने ही सगळी वाट सोडली आणि १३ सेंटिमीटर रुंद, दीड किलोच्या आतलं, खिशातल्या घड्याळासारखं पण मोठं असं चौथं घड्याळ केलं. ते १७५९ मध्ये पुरं झालं. त्याला ‘एच-४’ म्हणतात ते फार नंतर, विसाव्या शतकात.

तो लहान घड्याळाकडे का वळला, यातच या शोधाचं मर्म आहे. मोठ्या यंत्रांचे तोल सावकाश हलत होते, आणि सावकाश हलणाऱ्या गोष्टीत जहाजाचं डोलणं सहज घुसतं. एच-४ चं तोलचक्र सेकंदाला पाच ठोके देतं, आणि मोठा झोका घेत देतं. जहाजाचा एक हेलकावा कित्येक सेकंदांचा असतो. तेवढ्यात चक्राचे कितीतरी झोके होऊन जातात, त्यामुळे हेलकाव्याचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. झोक्यात दम असल्यामुळे बारीकसारीक धक्के चक्राला जाणवत नाहीत. मोठ्या यंत्रांना जे जमलं नाही ते वेगाने जमवलं.

बाकीच्या अडचणींना एकेक उत्तर होतं. तापमानासाठी पितळ-पोलादाची पट्टी स्प्रिंगला एका ठिकाणी धरून ठेवते. ऊन वाढलं की पट्टी वाकून स्प्रिंगची मोकळी लांबी कमी करते, त्यामुळे नरम झालेली स्प्रिंग पुन्हा तेवढीच ताठ वागते. मुख्य स्प्रिंगचा जोर चावी दिल्यावर जास्त आणि संपत आल्यावर कमी असतो. म्हणून तिने थेट चक्राला ढकलायचं नाही, साडेसात सेकंदांनी एक छोटी स्प्रिंग ताणायची आणि त्या छोटीने ढकलायचं. चावी देताना घड्याळ चालू राहावं म्हणून वेगळी सोय. ज्या टोकांवर चक्राचे ठोके बसतात ती टोकं हिऱ्याची, म्हणजे झीज कमी. तेल मात्र त्याला टाळता आलं नाही, आणि ती गोष्ट शेवटपर्यंत राहिली.

आता जमैकाचा हिशेब. १८ नोव्हेंबर १७६१ ला डेप्टफर्ड पोर्ट्समथहून निघालं. हॅरिसन तेव्हा ६८ वर्षांचा, म्हणून मुलगा विल्यम गेला. घड्याळाच्या पेटीला चार कुलुपं होती आणि किल्ल्या चार वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे रोज चावी द्यायची तर चौघांनी जमायचं. निघण्याआधी पोर्ट्समथला सूर्याचे वेध घेऊन घड्याळाची तपासणी झाली. त्यात दोन आकडे निघाले: घड्याळ त्या क्षणी ३ सेकंद मागे आहे, आणि ते नऊ दिवसांत २४ सेकंद मागे पडतंय, म्हणजे रोज २ पूर्णांक दोन तृतीयांश सेकंद.

हा दुसरा आकडा म्हणजे घड्याळाची चाल, आणि पूर्ण प्रकरण त्यावर फिरतं. आपल्याकडे कित्येक घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत असतं, सगळे मनातल्या मनात पाच वजा करतात आणि कोणाची लोकल चुकत नाही. जहाजावरच्या घड्याळाचं तसंच, फक्त एक पायरी पुढे: ते रोज किती मागे पडतं हे ठाऊक असेल आणि ते रोज तेवढंच मागे पडत असेल, तर ते मागे पडण्याने काहीच बिघडत नाही. आज तीन सेकंद, उद्या शून्य, परवा सात असं करणारं घड्याळ मात्र कामाचं नाही, मग त्याची सरासरी शून्य का येईना.

१९ जानेवारी १७६२ ला जहाज जमैकाला पोर्ट रॉयलला पोचलं. किनाऱ्यावर सूर्याचे वेध घेऊन तिथली वेळ काढली. निघण्याआधीच्या तपासणीपासून ८१ दिवस ५ तास झाले होते. रोजच्या २ पूर्णांक दोन तृतीयांश सेकंदांनी हिशेब केला तर घड्याळ ३ मिनिटं साडेछत्तीस सेकंद मागे पडायला हवं होतं. तेवढं मिळवल्यावर उरलेली चूक निघाली ५.१ सेकंद. रेखांशात सव्वा कला, सुमारे सव्वा सागरी मैल. कायद्याला ३० कलांपर्यंतची चूक चालणार होती.

आता तोच कागद दुसऱ्या बाजूने वाचा. चाल धरलीच नाही तर? सुरुवातीचे ३ सेकंद, मधले साडेतीन मिनिटांहून जास्त आणि शेवटचे ५ सेकंद मिळून साधारण पावणेचार मिनिटं. म्हणजे रेखांशात ५६ कला. अर्धा अंश सोडाच, ४० कलांच्याही बाहेर. त्याच घड्याळाचा तोच प्रवास, पण चाल मानली तर २०,००० पौंड आणि न मानली तर १०,०००.

बक्षीस द्यायचं काम ज्या मंडळाकडे होतं त्यांनी इथेच बोट ठेवलं. पोर्ट्समथला काढलेली चाल मंडळाला प्रवासाआधी लेखी दिलेली नव्हती. गणिताच्या पेपरात उत्तर बघून रीत लिहिणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. प्रवास झाल्यावर चाल सांगितली तर कोणाच्याही घड्याळाची चूक शून्यावर आणता येते. हॅरिसनने तसं केलं होतं असं कोणी सिद्ध केलं नाही, आणि माझ्या मते केलंही नव्हतं, पण शंका रास्त होती. दुसरा आक्षेप: जमैकाचा रेखांशच पुरेसा नक्की माहीत नाही, मग घड्याळ बरोबर आलं ते कशाच्या तुलनेत? तिसरा: एकदा जमलं ते योगायोगानेही जमेल. हॅरिसनला पूर्ण बक्षिसाऐवजी अडीच हजार पौंड देऊ केले, तेही हप्त्यांत, आणि दुसरी परीक्षा ठरली.

मंडळाला खलनायक ठरवायची प्रथा पडून गेलीय. पुढे त्यांनी हॅरिसनला छळलं हे खरंच आहे. पण १७६२ च्या या तीन आक्षेपांपैकी एकही खोडसाळ नव्हता. उलट, परतीच्या प्रवासाने त्यांना थोडा आधारच दिला. ‘मर्लिन’ जहाजावर भयंकर वादळं लागली, विल्यम पेटीला घोंगड्यांत गुंडाळून जपत होता, आणि इंग्लंडला पोचल्यावर जाऊन-येऊन एकूण चूक दोन मिनिटांच्या किंचित आत निघाली. पाच महिन्यांच्या प्रवासाला हे उत्तमच. पण जाताना पाच सेकंद आणि येताना शंभराहून जास्त, याचा अर्थ चाल सगळ्या परिस्थितीत एकसारखी राहिली नव्हती.

दुसरी परीक्षा १७६४ ची, बार्बाडोसला. या वेळी तिन्ही आक्षेपांचा बंदोबस्त आधी केला. विल्यमने निघण्यापूर्वीच चाल जाहीर केली. बार्बाडोसचा रेखांश नव्याने ठरवायला खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन आणि चार्ल्स ग्रीन यांना आधीच्या जहाजाने पाठवलं. गुरूच्या चंद्रांची ग्रहणं पाहून त्यांनी ते करायचं होतं. हा मार्ग जमिनीवर उत्तम, पण हलत्या जहाजावरून दुर्बीण गुरूवर स्थिर धरणं जवळजवळ अशक्य. २८ मार्चला ‘टार्टर’ जहाज निघालं, १३ मे ला ब्रिजटाउनला पोचलं. ४७ दिवसांची चूक ३९.२ सेकंद निघाली, म्हणजे दहा कलांच्या जरा आत. जमैकाच्या पाच सेकंदांपेक्षा हा आकडा वाईट दिसतो, पण मला तो जास्त भरवशाचा वाटतो, कारण चाल आधी सांगून मिळवलेला आहे. कायद्याच्या अटीपेक्षा तिप्पट चांगला.

यानंतर मंडळाची बाजू मला पटत नाही. अर्धं बक्षीस देतो, पण घड्याळ उघडून प्रत्येक भाग समजावून सांग, अशी अट आली. १७६५ मध्ये हॅरिसनने ते केलं, आधीचे अडीच हजार धरून दहा हजार मिळाले. उरलेल्या निम्म्यासाठी नवीन अटी आल्या. मॅस्केलिन तोवर राजखगोलज्ञ झाले होते आणि ते स्वतः चंद्र-ताऱ्यांच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. ग्रिनिचला त्यांनी एच-४ दहा महिने तपासलं आणि त्याच्या चालीवर विसंबता येत नाही असा अहवाल दिला. ते घड्याळ नुकतंच पूर्ण सुटं करून पुन्हा जोडलेलं होतं, ही गोष्ट त्या निकालाजवळ ठेवायला हवी. शेवटी राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडला आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड दिले. हॅरिसन तेव्हा ८० वर्षांचा होता. तीन वर्षांनी तो गेला.

पण एका प्रश्नाचं उत्तर मंडळामुळेच मिळालं, आणि तो प्रश्न महत्त्वाचा होता: हे घड्याळ दुसऱ्या कोणाला करता येईल का? लार्कम केंडल या घड्याळजीला एच-४ ची हुबेहूब नक्कल करायला सांगितलं. ती त्याने केली, पण ४५० पौंडांना. कप्तान कुक १७७२ ते ७५ च्या सफरीत ही नक्कल घेऊन दक्षिण ध्रुवाच्या बर्फापासून विषुववृत्तापलीकडे फिरला. तीन वर्षं तिने भरवशाने साथ दिली, आणि निघताना शंका घेणारा कुक परतताना तिचं कौतुक करत होता. त्याच सफरीत जॉन आर्नल्डची तीन घड्याळंही दिली होती. ती टिकली नाहीत.

गंमत म्हणजे पुढचं क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं असं अचूक घड्याळ, हॅरिसनसारखं झालंच नाही. फ्रान्समध्ये पिएर ल रुआ, इंग्लंडमध्ये हेच आर्नल्ड आणि नंतर थॉमस अर्नशॉ यांनी सोपी रचना बसवली. तापमानाची दुरुस्ती स्प्रिंगवर न करता तोलचक्राच्या कडेतच केली, आणि चक्राला झोक्यात फक्त एकदा हलका धक्का देऊन मोकळं सोडणारी यंत्रणा आणली, जिला ठोक्याच्या जागी तेल लागत नाही. कारागिरांना ती पुन्हापुन्हा करता आली, किंमत उतरली. हॅरिसनकडून उरलं ते मूळ तत्त्व: वेगाने हलणारा, दमदार तोल.

जहाजावरची वापरायची रीतही चालीभोवतीच बांधली गेली. चावी रोज एकाच वेळी आणि मोजून तेवढेच वेढे द्यायची, कारण स्प्रिंगचा तोच भाग रोज वापरला गेला तर चाल सारखी राहते. काटे समुद्रात कधीही जुळवायचे नाहीत. चूक वहीत लिहायची, घड्याळात सुधारायची नाही. आणि घड्याळं तीन न्यायची. एकच असेल तर ते बिघडलंय हे जमीन दिसेपर्यंत कळत नाही. दोन असतील आणि जुळली नाहीत तर कोणतं खोटं बोलतंय ते ठरवता येत नाही. तिसरं असेल तर निदान मतदान होतं. डार्विन ज्या ‘बीगल’वरून गेला त्या जहाजावर नकाशांच्या कामासाठी २२ क्रोनोमीटर होते.

बंदरात आल्यावर मात्र चाल नव्याने काढावी लागायची, आणि त्यासाठी किनाऱ्यावर खात्रीची वेळ हवी. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती याच कामासाठी, आकाशाचे वेध घ्यायला आणि बंदरातल्या जहाजांना वेळ पुरवायला. अरबी समुद्र ओलांडून आलेला कप्तान पेटी न हलवता घड्याळ रोज त्या वेळेशी ताडायचा, काही दिवसांचे फरक एकाखाली एक मांडायचा, आणि पुढच्या प्रवासाची चाल वहीत लिहून मगच नांगर उचलायचा.

हॅरिसनची चारही यंत्रं आज ग्रिनिचला आहेत. पहिली तीन, ती अवजड, रोज चालवली जातात. एच-४ थांबवून ठेवलंय. त्याला तेल लागतं, आणि चालू ठेवलं तर ते झिजेल.